तेल लावलं की वाढणाऱ्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या: फंगल ॲक्ने की साधे मुरूम?

प्रश्न: वय २६. सात महिन्यांपासून कपाळावर केसांच्या रेषेलगत, गालांच्या कडेला आणि पाठीवर बारीक, एकसारख्या पुळ्या आहेत. घाम आला की खूप खाजतात. डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या आणि क्लिंडामायसिन जेल वापरलं, तर उलट पाठ भरून गेली. मग ऑलिव्ह तेलाने चेहरा साफ करायला लागले, तर आठवड्याभरात दुप्पट. हे फंगल ॲक्ने आहे का? कुठलं तेल चालतं आणि औषध काय?

उत्तर:

तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझा संशय बुरशीकडेच जातो: खाज, सगळ्या पुळ्यांचा एकच आकार, आणि अँटिबायोटिकवर वाढलेला त्रास. तेलाने वाढणं ही चौथी खूण. ती खरी असली तरी चौघींमध्ये सगळ्यात फसवी तीच आहे. का, ते पुढे सांगते. त्वचा प्रत्यक्ष न बघता निदान पक्कं करता येत नाही. पण तपासताना मी काय शोधते आणि त्यावरून औषध कसं ठरतं, हे कळलं तर तुमच्या डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं आणि काय विचारायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. ‘फंगल ॲक्ने’ हा ॲक्ने नव्हे. याचं वैद्यकीय नाव मॅलॅसेझिया फॉलिक्युलायटिस. जुन्या पुस्तकांत पिटिरोस्पोरम फॉलिक्युलायटिस म्हणतात. मॅलॅसेझिया ही यीस्ट जातीची बुरशी. ती बाहेरून लागत नाही, तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या त्वचेवर ती मुळातच राहते. कोंडा आणि पाठीवर-छातीवर येणारं शिबं यांच्यामागेही हीच असते. त्वचेत केस ज्या बारीक नळीतून वर येतो तिला फॉलिकल म्हणतात. या नळीत बुरशी प्रमाणाबाहेर वाढली की नळीला सूज येते आणि पुळी दिसते.

मुरूमही याच नळीत होतात, पण त्यांची सुरुवात वेगळी असते. तिथे आधी नळीचं तोंड मृत पेशींनी बुजतं आणि आत तेल साचतं. त्यातून आधी ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड तयार होतात. या बुजलेल्या नळ्यांना आम्ही कोमेडोन म्हणतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू त्या साचलेल्या तेलात वाढतो आणि दाह वाढवतो. म्हणजे मुरूम हा निव्वळ जिवाणूसंसर्ग नसतो, आणि ‘बॅक्टेरियल ॲक्ने’ हे नावही तसं अर्धवटच आहे.

तपासताना या फरकाचा मोठा उपयोग होतो. मुरुमांच्या चेहऱ्यावर सगळ्या पिढ्या एकत्र नांदतात: इथे ब्लॅकहेड, तिथे व्हाइटहेड, मध्येच एखादा लाल टपोरा दुखरा फोड, शेजारी जुना डाग. कारण प्रत्येक नळी आपापल्या वेळी बुजते. मॅलॅसेझियात सगळ्या पुळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या असतात, एक ते दोन, फार तर तीन मिलिमीटरच्या. काहींच्या टोकाला टाचणीच्या माथ्याएवढा पू, आणि कोमेडोन नाहीत. मी पाठीवर तिरका उजेड टाकून कोमेडोनच शोधत असते. ते भरपूर सापडले तर बुरशीचा विचार मागे पडतो.

जागाही बोलकी असते. मुरूम चेहऱ्याच्या मधल्या भागात जास्त दिसतात. या पुळ्या छातीवर, पाठीच्या वरच्या भागात, खांद्यांवर आणि दंडांच्या बाहेरच्या बाजूला येतात. चेहऱ्यावर आल्या तर कपाळ, केसांची रेषा, हनुवटी, गालांच्या कडा. खाजेबद्दल मी मुद्दाम विचारते, कारण रुग्ण ती आपणहून क्वचितच सांगतात. मुरूम दुखतात, ठणकतात. मॅलॅसेझियाच्या पुळ्या खाजतात, आणि घाम येऊन कपडे अंगाला चिकटल्यावर तर जास्तच.

आता अँटिबायोटिकबद्दल. हा विकार १९६९ साली ज्या वैद्यकीय अहवालातून पुढे आला, तो मुरुमांसाठी अँटिबायोटिक घेत असताना उठलेल्या पुरळाबद्दलच होता. डॉक्सिसायक्लीन जिवाणूंना रोखतं, बुरशीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्वचेवर जिवाणू आणि यीस्ट एकाच अन्नावर जगतात. त्यांतला एक भिडू हटला की दुसऱ्याला मोकळं रान मिळतं. म्हणून गोळ्या सुरू असताना चेहऱ्यावरचे काही लाल फोड बसले आणि त्याच वेळी पाठ भरून आली, असं कुणी सांगितलं की मी गोळी ‘लागू पडली नाही’ एवढ्यावर थांबत नाही. गोळीमुळे काय वाढलं तेही बघते. तोंडाने घेतलेल्या किंवा चेहऱ्यावर चोळलेल्या स्टेरॉइडनेही असंच होतं.

तेलाचं प्रकरण मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण याच्याभोवती खूप भीती आणि खूप याद्या तयार झाल्या आहेत.

बहुतेक जीव स्वतःची चरबी स्वतः बनवतात. मॅलॅसेझियाला ते जमत नाही. फॅटी ॲसिड तयार करणाऱ्या एन्झाइमचं जनुकच तिच्याकडे नाही. २००७ साली तिच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा हे स्पष्ट झालं. त्यामुळे लागणारी चरबी तिला आयती मिळवावी लागते, आणि त्यासाठी ती लायपेज नावाची एन्झाइम बाहेर सोडते. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन साखळ्या. लायपेज त्या साखळ्या तोडतं आणि बुरशी त्यातल्या तिला हव्या त्या उचलते.

कुठल्या साखळ्या तिला चालतात हे लांबीवर ठरतं. ८ आणि १० कार्बनच्या आखूड साखळ्यांवर, म्हणजे कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ॲसिडवर, तिची वाढ होत नाही. साधारण ११-१२ कार्बनच्या पुढे तिचं अन्न सुरू होतं. १४ कार्बनचं मिरिस्टिक, १६ चं पामिटिक आणि १८ कार्बनची स्टिअरिक, ओलेइक ही मंडळी तिला मानवतात. आपल्या ओळखीच्या बहुतेक वनस्पती तेलांमध्ये नेमक्या याच लांबीच्या साखळ्या भरलेल्या असतात. ऑलिव्ह तेलात निम्म्याहून जास्त भाग ओलेइक ॲसिडचा असतो. नारळाच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड आणि आणखी पाव हिस्सा मिरिस्टिक आणि पामिटिक मिळून असतं.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट ऐकलीत तर तुमच्या त्या आठवड्याचा उलगडा होईल. बुरशी वाढवण्यासाठी वापरतात त्या नेहमीच्या आगरवर मॅलॅसेझिया बहुतेक वेळा उगवतच नाही. तिला उगवायचं असेल तर त्या आगरवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर द्यायचा, ही जुनी, खात्रीची पद्धत. म्हणजे प्रयोगशाळेत आम्ही बशीत जे करतो, तेच तुम्ही रोज चेहऱ्यावर करत होतात, आणि वर घाम आणि ऊबही होती.

यात दुसरी एक पायरी आहे. बुरशी प्रामुख्याने संपृक्त साखळ्या खाते आणि ओलेइकसारख्या असंपृक्त साखळ्या सुट्या करून त्वचेवर टाकून देते. सुटं ओलेइक ॲसिड त्वचेच्या वरच्या थराला त्रास देतं; कोंड्यातली खाज आणि पापुद्रे यांच्यामागे हे एक कारण मानलं जातं. त्यामुळे अशा तेलाने दोन्हीकडून नुकसान होतं. बुरशीला खाद्य मिळतं आणि तिच्या उष्ट्याने त्वचा चिडते.

हे फक्त ‘तेल’ लिहिलेल्या बाटल्यांना लागू नाही. क्रीममध्ये वापरली जाणारी आयसोप्रोपाइल मिरिस्टेट, आयसोप्रोपाइल पामिटेट, ग्लिसरिल स्टिअरेट ही नावं पाहा. त्यांच्यात त्याच साखळ्या दडलेल्या आहेत. पॉलिसॉर्बेट म्हणून लिहिलेले पायसकारक घटकही त्यातलेच. प्रयोगशाळेत मॅलॅसेझियाच्या जाती ओळखायला पॉलिसॉर्बेटच वापरतात: कुठली जात कुठल्या पॉलिसॉर्बेटवर उगवते ते पाहायचं.

उलट खनिज तेल, पेट्रोलियम जेली, स्क्वालेन आणि डायमेथिकोन यांत फॅटी ॲसिडच्या साखळ्या नसतात, त्यामुळे बुरशीला त्यांतून अन्न मिळत नाही. स्क्वालेनच्या बाबतीत एक काळजी घ्या. आपल्या त्वचेच्या तेलात नैसर्गिकपणे असतो तो जवळजवळ याच नावाचा, पण हवेत लवकर खराब होणारा पदार्थ. बाटलीवर हायड्रोजनेटेड, स्थिर केलेला प्रकार आहे ना ते बघा. एमसीटी नावाने मिळणाऱ्या तेलात बहुतांश ८ आणि १० कार्बनच्याच साखळ्या असतात, म्हणून तेही चालतं. मात्र लॉरिक ॲसिड मिसळलेलं एमसीटी नको.

इथपर्यंत वाचून तुम्ही घरातली प्रत्येक बाटली घेऊन बसाल, आणि तिथेच मला तुम्हाला थांबवायचं आहे. वर सांगितलं ते बशीतल्या वाढीबद्दल आहे. अमुक टक्के ग्लिसरिल स्टिअरेट असलेल्या क्रीमने माणसाच्या कपाळावर किती पुळ्या येतात, हे बशी सांगत नाही. शिवाय मॅलॅसेझियाला तुमच्या बाटलीची गरजही नाही. आपल्या त्वचेच्या स्वतःच्या तेलाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग ट्रायग्लिसराइड आणि सुटी फॅटी ॲसिडं यांचाच असतो. तिचं मुख्य जेवण तुमच्याच ग्रंथी बनवतात. बाहेरचं तेल म्हणजे वरची वाढणी. ती बंद केली की भडका कमी होतो, पण उपासमारीने ही बुरशी मरत नाही. घटक तपासून तपासून आठ-आठ महिने घालवलेल्या, हातात तीस नावांची यादी घेऊन आलेल्या आणि पुळ्या तशाच असलेल्या मुली मी पाहते तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. दोन-तीन आठवड्यांच्या औषधाचं काम होतं ते.

म्हणून मी एवढंच सांगते: त्वचेवर लावून ठेवायच्या वस्तूंमधून वनस्पती तेलं, बटर आणि जाड क्रीम काढा. धुऊन जाणाऱ्या फेसवॉशमधल्या घटकांचा विचार सोडून द्या. मॉइश्चरायझर साधं, पाण्यासारखं हलकं, ग्लिसरीन असलेलं चालेल. ग्लिसरीन हा नुसता कणा आहे, त्याला साखळ्या जोडलेल्या नसतात.

तेलाची खूण फसवी का, ते आता. केसांना लावलेलं तेल किंवा पोमेड कपाळावर उतरून तिथे बारीक, एकसारखे उंचवटे येतात, त्याला पोमेड ॲक्ने म्हणतात. यात बुरशी नसते. तेलाने नळ्यांची तोंडं बुजतात आणि बंद कोमेडोन तयार होतात. दिसायला हुबेहूब तुमच्यासारखंच: केसांची रेषा, बारीक दाणे, तेलाने वाढ. फरक असा की ते त्वचेच्या रंगाचे असतात, लाल नसतात, खाजत नाहीत, आणि कातडी ताणली तर आत पांढरा दाणा दिसतो. त्याला अँटिफंगलने काहीच होत नाही. तेल थांबवायचं आणि रात्री ॲडापलीन लावायचं, हा त्याचा उपाय, आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. म्हणून फक्त ‘तेलाने वाढतं’ एवढ्यावरून कुणी अँटिफंगल सुरू केलं, तर अंदाज चुकण्याची शक्यता बरीच आहे.

मग पक्कं कसं करायचं? तपासणी सोपी आहे आणि दहा-पंधरा मिनिटांत होते. पू असलेली ताजी, न खाजवलेली पुळी निवडायची, तिचं टोक सुईने उघडून आतला ऐवज काचेच्या स्लाइडवर घ्यायचा. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, म्हणजे त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशी उरते. थोडी निळी शाई मिसळली तर ती अजून ठळक दिसते. मायक्रोस्कोपखाली गोल, कोंब फुटलेल्या यीस्टचे घोस दिसले की निदानाला मोठा आधार मिळतो. शिब्यामध्ये यीस्टबरोबर आखूड तंतूही दिसतात. इथे बहुधा नुसती गोल यीस्ट असते.

या तपासणीची मर्यादाही सांगते. निरोगी नळीतही मॅलॅसेझिया असतेच. स्लाइडवर चार-दोन यीस्ट दिसली म्हणून निदान झालं असं नाही. संख्या मोठी हवी आणि ती पुळीच्या आतून आलेली हवी, वरच्या खवल्यांतून नव्हे. उलट बाजूने, आदल्या आठवड्यात अँटिफंगल शाम्पू वापरला असेल तर स्लाइड कोरी येऊ शकते. म्हणून तपासणीला जाण्यापूर्वी स्वतःहून काही लावू नका. वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात काही जणांच्या नळ्या निळसर-पांढऱ्या किंवा पिवळसर-हिरव्या चमकतात, तर मुरुमांचे जिवाणू नारिंगी-लाल. दिसलं तर उपयोगी. नाही दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही.

तुमच्याशी बरीच जुळणारी एक रुग्ण मला आठवते. चोवीस वर्षांची, पाच महिन्यांचा त्रास, कपाळ आणि पाठ. आधीच्या उपचारात सहा आठवडे डॉक्सिसायक्लीन आणि क्लिंडामायसिन जेल झालं होतं. शेवटी कंटाळून तिने रात्री तेलाने मसाज सुरू केला होता. पाठीवर शेकड्याने पुळ्या, सगळ्या एका मापाच्या, एकही ब्लॅकहेड नाही. नाकावर आणि हनुवटीवर मात्र आठ-दहा कोमेडोन होते. म्हणजे तिला दोन्ही विकार होते. हे वारंवार दिसतं आणि इथेच सगळ्यांची फसगत होते: मुरूम खरेच असतात, म्हणून सगळंच मुरूम समजलं जातं. मी पाठीवरच्या दोन आणि कपाळावरच्या एका पुळीतून स्लाइड केली. तिन्हींत यीस्ट खच्चून भरली होती.

सुरुवात मी बंद करण्यापासून केली. डॉक्सिसायक्लीन बंद, जेल बंद, तेल बंद. मग पोटात घेण्याचं औषध: इट्राकोनॅझोल, रोज २०० मिलिग्रॅम, दोन आठवडे. तोंडाने औषध का, असं तिने विचारलं होतं. बुरशी नळीच्या खोल भागात बसलेली असते आणि वरून लावलेलं क्रीम तिथवर कमी पोहोचतं. शिवाय अख्ख्या पाठीला दोन वेळा क्रीम लावणं एकट्या माणसाला जमत नाही. गोळीने लवकर उतार पडतो, वरून लावायच्या औषधाने तो टिकवता येतो.

सोबत केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू. पाठ आणि छाती ओली करून फेस लावायचा, पाच मिनिटं ठेवायचा, धुवायचा, पहिले दोन आठवडे रोज. पाच मिनिटं मी घड्याळ लावून मोजायला सांगते, कारण लावून लगेच धुतला तर औषधाला वेळच मिळत नाही. कपाळावर शाम्पू फक्त आठवड्यातून तीनदा, कारण त्यातल्या साबणाने चेहरा कोरडा पडून जळजळतो. बाकीच्या वेळी तिथे केटोकोनॅझोल २ टक्के क्रीम, दिवसातून दोनदा, पातळ.

पाचव्या दिवशी खाज गेली. खाज आधी जाते, पुळ्या मागून बसतात, हा क्रम मी निदान बरोबर असल्याची खूण मानते. तिसऱ्या आठवड्यात पाठ सपाट झाली, नुसते तपकिरी ठिपके उरले. चौथ्या आठवड्यात नाक आणि हनुवटीसाठी ॲडापलीन ०.१ टक्के रात्री सुरू केलं. मुद्दाम उशिरा केलं, कारण दोन्ही एकदम सुरू केलं असतं तर लाली कशाने आली आणि उतार कशाने पडला ते कळलं नसतं.

तीन महिन्यांनी ती परत आली, पाठीवर पुन्हा वीस-पंचवीस पुळ्या. बरं वाटलं म्हणून तिने शाम्पू बंद केला होता. यात तिची चूक म्हणण्यापेक्षा माझी जास्त; पुढे किती दिवस वापरायचा हे मी ठसवून सांगायला हवं होतं. बुरशी त्वचेवरची कायमची रहिवासी आहे. औषधाने तिची संख्या खाली येते, ती संपत नाही. उष्मा, घाम, घट्ट कपडे मिळाले की ती पुन्हा डोकं वर काढते. तेव्हापासून आठवड्यातून एकदा शाम्पू, घामाच्या दिवसांत दोनदा, असं ठरवलं. दुसऱ्या वेळी गोळीची गरज पडली नाही.

तुमच्या डॉक्टरांकडे आणखी पर्याय असतील. फ्लुकोनॅझोल हे तोंडाने घ्यायचं दुसरं औषध. इट्राकोनॅझोल चालत नसेल तर ते देतात. वरून लावण्यासाठी सेलेनियम सल्फाइड २.५ टक्के किंवा सायक्लोपिरॉक्स आहे. सेलेनियम पाठीला छान, डोळ्यांजवळ नको. त्रास थोड्याच जागेवर असेल किंवा गोळी देता येत नसेल तर फक्त वरून लावायच्या औषधांनीही भागतं, मात्र तेव्हा चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. तोंडाने घेण्याचं टर्बिनाफिन मात्र नको. गजकर्णावर ते चांगलं, पण मॅलॅसेझियाच्या विकारांत पोटातून घेतलं तर त्याचा उपयोग होत नाही. तोंडाने घ्यायचं केटोकोनॅझोल तर अजिबातच नको. त्याने यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून २०१३ साली युरोपात ते बुरशीसाठी थांबवलं गेलं आणि अमेरिकेत त्यावर कडक निर्बंध आले. शाम्पू आणि क्रीममधल्या केटोकोनॅझोलला ही भीती नाही.

इट्राकोनॅझोल स्वतःहून विकत घेऊन सुरू करू नका. हृदय कमजोर असणाऱ्यांना ते देत नाहीत. गर्भवतींना किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांना देत नाहीत. यकृताचा आजार असेल तर आधी तपासणी लागते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी, विशेषतः सिमव्हास्टॅटिनशी, ते जमत नाही, आणि इतरही बऱ्याच औषधांचं रक्तातलं प्रमाण ते वाढवतं. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, त्यामुळे ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही. ‘दोन आठवडे घेतली, काही फरक नाही’ असं सांगणाऱ्यांमध्ये रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणारे मला अनेकदा सापडले आहेत.

एका गोष्टीबद्दल मी फार आग्रही आहे. अँटिफंगल, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं क्रीम कुणी दिलं तर लावू नका. दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, माणूस खूश होतो, आणि स्टेरॉइडच्या आडोशाने बुरशी वाढत राहते. क्रीम बंद केलं की सगळं दुपटीने उठतं. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी पातळ होते, तिचा स्वतःचाच पुरळ सुरू होतो, आणि मग मूळ आजार कोणता होता तेही ओळखू येत नाही. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे.

तुमच्या बाबतीत मी आता काय करीन? तेल आजच बंद करा. डॉक्सिसायक्लीन अजून सुरू असेल तर ज्यांनी दिलं त्यांना फोन करून पाठ भरल्याचं सांगा आणि ते थांबवायचं का विचारा. व्यायामानंतर किंवा घामानंतर ओले कपडे लगेच बदला आणि अंघोळ करा. तपासणी होईपर्यंत पुळ्या फोडू नका, घासू नका. पाठीला घासणी लावल्याने नळ्या आणखी चिडतात. भेटीच्या दिवशी चेहऱ्याला काही लावून जाऊ नका, सध्याच्या सगळ्या ट्यूबचे आणि बाटल्यांचे फोटो जवळ ठेवा, आणि पुळीतून स्लाइड कराल का असं स्पष्ट विचारा. वारंवार होत असेल तर रक्तातली साखरही बघायला सांगा. मधुमेहात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत हा त्रास जास्त आणि चिवट असतो.

स्लाइड करायची सोय नसेल तर डॉक्टर कधीकधी थेट अँटिफंगल देऊन बघतात. तेही योग्य आहे, फक्त त्याला मुदत हवी. खाज आठवड्या-दीड आठवड्यात स्पष्ट कमी व्हायला हवी आणि पुळ्या तीन-चार आठवड्यांत. चार आठवडे नीट वापरूनही काहीच हललं नाही, तर औषध वाढवत बसू नका, निदान पुन्हा तपासून घ्या. तेव्हा कोमेडोन, स्टॅफिलोकोकस जिवाणूचा फॉलिक्युलायटिस, तोंडाभोवतीचा डर्मटायटिस असे इतर विकार डोळ्यांसमोर आणावे लागतात. क्वचित एखाद्या पुळीचा बारीक तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. ताप, झपाट्याने पसरणारे दुखरे फोड किंवा मोठ्या गाठी असतील तर चार आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

पुळ्या बसल्यावर जे तपकिरी ठिपके राहतील ते डाग आहेत, आजार नाही. ते दोन-चार महिन्यांत आपोआप फिकट होतात. त्यांच्यासाठी पुन्हा कुठलं तेल किंवा जाड क्रीम लावू नका. सकाळी हलकं, जेलसारखं सनस्क्रीन पुरे. बोट फिरवल्यावर त्वचा सपाट लागत असेल आणि खाज नसेल, तर ठिपके दिसत असले तरी गोळी पुन्हा सुरू करायची गरज नाही. आठवड्याचा शाम्पू मात्र सोडू नका.